तळ्याकाठचे बाकीचे

शाळेची बस चालवून चालवून ड्रायव्हरचे कान किटलेले असत. सकाळी बेचाळीस मुलं, दुपारी तीच बेचाळीस, आणि सगळी एकाच वेळी बोलणारी. शनिवारी शाळा अर्धी असायची. त्या दिवशी जेवून आडवं पडावं, पंख्याकडे बघत राहावं, एवढीच त्याची इच्छा. पण साडेचार वाजले की तो उठायचा, तोंडावर पाणी मारायचा आणि प्रार्थनामंदिरामागच्या खोलीत खुर्च्या मांडायला जायचा.

पवित्र शास्त्राच्या अभ्यासाचा हा गट त्याच्या गळ्यात पडला होता. चर्चचे जुने पाळक बदलून गेले तेव्हा म्हणाले होते, "दोन महिने सांभाळा, नवीन माणूस येईल." नवीन पाळक आले, पण ते रविवारच्या उपासनेतच इतके गुंतले की दोन महिन्यांची दोन वर्षं झाली. ड्रायव्हर काही विद्वान नव्हता. आठवडाभर बसमध्ये मुलांची वाट बघत तो उतारा वाचायचा, वहीत चार प्रश्न लिहायचा, आणि शनिवारी त्यातला पहिलाच प्रश्न मेट्रनबाई गिळंकृत करायच्या.

मेट्रनबाई म्हणजे मोठ्या इस्पितळातून निवृत्त झालेल्या. बाई मनाने चांगल्या. कुणी आजारी पडलं की आधी त्याच दारात हजर. शास्त्राचं वाचनही दांडगं. पण तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की थांबायचं नाव नाही. ड्रायव्हरने प्रश्न विचारला की शेवटचा शब्द त्याच्या तोंडातून बाहेर पडायच्या आत त्यांचं उत्तर सुरू व्हायचं. दुकानदार आणि त्याची बायको माना डोलवायचे. पाळकांची आत्या डोळे मिटून बसायची. ती ध्यान करते की डुलकी काढते हे कुणालाच कळलं नव्हतं. आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत, दाराजवळ, लिफ्टवाला.

लिफ्टवाला चाळिशीचा. शहरातल्या इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा. आठ महिने तो न चुकता येत होता आणि आठ महिन्यांत त्याने 'नमस्कार' आणि 'येतो' याखेरीज ब्र काढला नव्हता. पुस्तक मांडीवर उघडं, बोट ओळीवर, नजर खाली.

गोंधळ ड्रायव्हरनेच घातला. त्या शनिवारी मेट्रनबाई सलग सतरा मिनिटं बोलल्या. ड्रायव्हर घड्याळाकडे बघत होता, डोकं ठणकत होतं. शेवटी त्याचा संयम सुटला. त्याने टाळी वाजवली, अगदी बसमध्ये वाजवतो तशी, आणि म्हणाला, "आता पुरे. लिफ्टवाले, तुम्ही बोला बरं. तुम्ही कधीच काही बोलत नाही. काय वाटतं तुम्हाला?"

सगळ्यांच्या माना कोपऱ्याकडे वळल्या. लिफ्टवाल्याचे कान लाल झाले. "बरोबर आहे सगळं," तो म्हणाला आणि पुस्तक मिटलं.

पुढच्या शनिवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

"मुलांना गप्प बसवतोस तसं केलंस तू," ड्रायव्हरची बायको वाटाणे सोलता सोलता म्हणाली. "एकीला सगळ्यांसमोर झापलंस आणि दुसऱ्याला फळ्यासमोर उभं केलंस."

"मग काय करायचं होतं?"

"मला काय माहीत. मी थोडीच गट चालवते?"

बुधवारी दुपारी, बसच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात, ड्रायव्हरने लिफ्टवाल्याला फोन लावला. तो जवळच्याच एका सात मजली इमारतीत कामावर होता. लिफ्ट अर्थातच बंद. ड्रायव्हर सात मजले चढून गच्चीवरच्या मशिनरूममध्ये पोहोचला तेव्हा त्याचा जीव मेटाकुटीला आला होता. लिफ्टवाल्याने तेलकट हातांनी उलटी बादली पुढे सरकवली. "बसा."

काय बोलावं ते सुचेना म्हणून ड्रायव्हरने विचारलं, "काय बिघडलंय हिचं?"

आणि काय आश्चर्य, माणूस बोलायला लागला. पाचव्या मजल्याच्या दारातला विजेचा कॉन्टॅक्ट कसा काळवंडलाय, दार पूर्ण लागलंय अशी खात्री पटल्याखेरीज लिफ्ट जागची का हलत नाही, लोक उगाच बटणं दाबत शिव्या कशा घालतात. संथपणे, मध्ये थांबून, पण मुद्देसूद. ड्रायव्हर मध्ये एक शब्द बोलला नाही. दमलेला होता, हे त्याचं खरं कारण.

मग तो म्हणाला, "त्या दिवशी मी चुकलो. तुम्हाला असं सगळ्यांदेखत विचारायला नको होतं."

लिफ्टवाल्याने फडक्याला हात पुसले. बराच वेळ पुसले. "मला बोलायचं नसतं असं नाही," तो म्हणाला. "वेळ लागतो मला. मी मनात एक वाक्य जुळवतो तोवर मेट्रनबाई तीन मुद्दे पुढे गेलेल्या असतात. मग माझं वाक्य शिळं होतं."

"प्रश्न आधी कळला तर?"

"मग बघू. पण बोलेनच असं नाही."

"नका बोलू. 'पुढे' म्हणा, मी पुढे जाईन. कुणी विचारणार नाही का म्हणून."

दुसरं काम जास्त अवघड होतं. गुरुवारी संध्याकाळी तो मेट्रनबाईंच्या घरी गेला. बाईंनी चहा केला, त्याचा रक्तदाब मोजला आणि मीठ कमी करायला सांगितलं. टाळीबद्दल ड्रायव्हरने माफी मागितली. तेवढ्यावर उठून घरी जावं असा मोह त्याला झाला. पण तो बसून राहिला.

"बाई, तुमच्याकडे सांगण्यासारखं खूप असतं, आणि ते गटाला हवंही आहे," तो म्हणाला. "पण तुम्ही आधी बोललात की बाकीच्यांना वाटतं, उत्तर झालं, आता आपण काय सांगणार. शनिवारी तुम्ही तीनजणांनंतर बोलाल का?"

बाईंचा चेहरा उतरला. "म्हणजे मी तोंड शिवून बसू?"

"नाही. फक्त सुरुवात तुमची नको."

"आणि कुणीच नाही बोललं तर? तसंच बसायचं, एकमेकांची तोंडं बघत?"

"हो. थोडा वेळ तसंच बसायचं."

"मला नाही जमत हो शांतता," बाई म्हणाल्या. "छत्तीस वर्षं वॉर्डात काढली. रात्रपाळीला एखाद्या खाटेवरचा आवाज थांबला की आधी काळजात धस्स व्हायचं. अजून होतं. कुणी बोललं नाही की मला वाटतं काहीतरी बिघडलंय, आणि मी धावते."

ड्रायव्हरला इतके दिवस वाटत होतं की बाईंना स्वतःच्या आवाजाची हौस आहे. तो ओशाळला. "माझ्या शेजारी बसा शनिवारी," तो म्हणाला. "धस्स झालं तर मी आहे."

"बघते," बाई म्हणाल्या. आवाजात दुखावलेपण होतंच.

शुक्रवारी सकाळी, पहिली फेरी संपल्यावर, त्याने सगळ्यांना फोनवर एकच प्रश्न पाठवला. उतारा होता तळ्याकाठच्या आजारी माणसाचा. अडतीस वर्षं पडून असलेला. पाणी हललं की जो आधी उतरेल तो बरा होतो, पण याला उतरवणारं कुणी नाही. प्रभू त्याला विचारतात, बरं व्हायचंय का, आणि तो हो किंवा नाही म्हणायचं सोडून आपली अडचण सांगत बसतो. ड्रायव्हरचा प्रश्न होता: 'तो सरळ हो का म्हणत नाही?' या गोष्टीचं सार त्याने वहीत तयार ठेवलं होतं. माणूस सबबी सांगतो, आपणही सांगतो.

शनिवारी त्याने खुर्च्या गोलात मांडल्या. कोपरा राहूच दिला नाही. मेट्रनबाईंना आपल्या उजव्या हाताला बसवलं, म्हणजे प्रश्न विचारताना नजर त्यांच्यावर पडणार नाही. उतारा वाचून झाल्यावर तो म्हणाला, "आता दोन मिनिटं कुणी बोलायचं नाही. मग शेजाऱ्याशी बोलायचं. मग एकेकाने सांगायचं, ज्याला नको त्याने 'पुढे' म्हणायचं."

दोन मिनिटं केवढी मोठी असतात! पंखा करकरत होता. बाईंची बोटं पर्सच्या बंदाशी चाळा करत होती. मग जोड्या पडल्या. लिफ्टवाला आत्याच्या वाट्याला आला. आत्याने डोळे उघडले आणि चक्क ऐकू लागली.

फेरी सुरू झाली. दुकानदार म्हणाला, माणूस आळशी असावा, सबबी सांगतो. त्याची बायको म्हणाली, सवय झाली असेल हो, दुखण्याचीही सवय होते. आत्या म्हणाली, "पुढे." मग लिफ्टवाला.

तो पुस्तकाकडे बघत राहिला. पाच सेकंद. दहा. ड्रायव्हरच्या जिभेवर मदतीचं वाक्य आलं होतं, ते त्याने गिळलं. शेजारी मेट्रनबाईंनी श्वास घेतला, तोंड उघडलं, "मला वाटतं त्यांना—"

"एक मिनिट, बाई," ड्रायव्हर हळूच म्हणाला. "त्यांची पाळी आहे."

बाईंनी तोंड मिटलं.

"सबब नाही ती," लिफ्टवाला म्हणाला. "माझा थोरला भाऊ अकरा वर्षं अंथरुणावर होता. मीच करायचो त्याचं. येणारा प्रत्येकजण मला विचारायचा, हा कसा आहे. त्याला कुणी विचारायचंच नाही." तो थांबला. ड्रायव्हरला वाटलं, झालं. पण झालं नव्हतं. "या माणसालाही कुणी कधी विचारलं नसणार. मग एकदम विचारल्यावर काय सुचणार? जे अडतीस वर्षं मनात घोळत होतं तेच बाहेर आलं. माझ्याजवळ कुणी नाही, हे."

ड्रायव्हरने वही मिटली. त्यातलं सार आता वाचण्यासारखं राहिलं नव्हतं.

"आणि मला एक कळत नाही," लिफ्टवाला पुढे म्हणाला, आणि आता तो ड्रायव्हरकडे बघत होता. "तळ्याकाठी पुष्कळ आजारी होते, असं लिहिलंय. बरं करून उठवलं एकालाच. बाकीच्यांचं काय? माझा भाऊ बाकीच्यांतला होता."

पाळकांनी काहीतरी सांगितलं असतं. ड्रायव्हरने नकळत उजवीकडे पाहिलं. इतकी वर्षं बाईंकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर होतं, आज द्यावं त्यांनी, त्याची हरकत नव्हती.

मेट्रनबाईंचे डोळे भरले होते. "मला नाही माहीत," त्या म्हणाल्या. "एका खाटेवरचा चालत घरी जायचा, शेजारचा नाही. मीही हेच विचारायची. कुणाला मोठ्याने विचारलं नाही कधी."

एवढंच.

ड्रायव्हरने प्रश्नावर झाकण घातलं नाही. "हा प्रश्न आपण असाच ठेवू," तो म्हणाला, आणि शेवटची प्रार्थना करताना त्याने लिफ्टवाल्याकडे बघून भावाचं नाव विचारलं आणि ते त्यात घेतलं.

निघताना दुकानदार कुरकुरला, "आज निष्कर्ष काहीच निघाला नाही." आत्याने मात्र लिफ्टवाल्याला गेटपाशी थांबवून धरलं होतं. मेट्रनबाई खुर्च्या एकात एक रचत म्हणाल्या, "माझी छाती अजून धडधडतेय. दर आठवड्याला असलं करणार आहात का?"

"तुमची मदत लागेल."

"लागणारच," बाई म्हणाल्या.

म्हणून काही चमत्कार झाला नाही. पुढच्या शनिवारी बाई दोनदा मध्ये बोलल्या आणि एकदा स्वतःच थांबल्या. लिफ्टवाल्याची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "पुढे." ड्रायव्हर थकलेला होता, डोकं जड होतं. त्याने फक्त मान हलवली आणि पुढच्या खुर्चीकडे वळला. लिफ्टवाला आरामात मागे टेकून बसला होता, आणि ऐकत होता.