सुगंधी लायनर

हॉटेलच्या धुलाईखान्यात आईचा दरारा होता. चादरीवरचा डाग तिला दारातूनच दिसे आणि डाग पाडणाऱ्या पाहुण्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केल्याशिवाय तिची इस्त्री पुढे सरकत नसे. अशा बाईची लेक डागाला भिणार नाही तर काय! वयात आल्यापासून तिला आईची एकच शिकवण होती: पाळी असो नसो, चड्डीला रोज लायनर, म्हणजे पातळसं पॅड, चिकटवायचा, तोही सुगंधी. अंगावरून थोडं पांढरं जातं, ते कुणाला कळता कामा नये.

लग्नानंतर लेकीला जळजळ सुरू झाली. आपल्याला काहीतरी घाणेरडा रोग जडलाय, या धास्तीने ती दिवसाला दोन-तीन लायनर वापरू लागली, वासाचा साबण चोळू लागली. जळजळ आणखी भडकली. नवरा जवळ आला की ती भिंतीकडे तोंड करी. त्याने आधी विचारलं, मग तो चिडला, मग गप्पच झाला. शेवटी आईच्या आजारपणाची थाप मारून ती माहेरी आली आणि धुलाईखान्याच्या वाफेत आईशेजारी चादरींच्या घड्या घालू लागली. रोग गेला की परत जायचं, एवढीच तिची आशा होती.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, स्रावाचा नमुना पाठवला. पुढच्या भेटीत म्हणाल्या, "जंतुसंसर्ग नाही. हे पांढरं जाणं निरोगी आहे. कातडी तेवढी चिडलीय. लायनर सगळ्यांनाच बाधतो असं नाही, पण तुमच्या लायनरला वास आहे, खाली प्लास्टिक. ओल आणि घाम कोंडतो, वर सतत घासतं."

"मग काय लावू?"

"काहीच नको. सैल सुती चड्डी घाला, ओली झाली की बदला. अगदीच गरज पडली तर बिनवासाचा, हवा खेळणारा लायनर, नाहीतर धुता येणारी सुती पट्टी, तीही ओलसर झाली की काढायची. साबणही बंद, बाहेरून नुसतं पाणी पुरे. दुर्गंधी, खाज किंवा रंगात फरक वाटला तर लगेच या."

काही आठवड्यांत जळजळ गेली. तिने हरखून नवऱ्याला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

"मला वाटायचं, तुला माझी किळस येते," तो म्हणाला. "एवढे महिने मी तेच खरं मानून जगलो गं. आता ये म्हणायला जीभ रेटत नाही."

ती धुलाईखान्यात आली आणि आईवर बरसली. "मला काही झालंच नव्हतं! तुझ्या त्या लायनरने जळत होतं सगळं. माझा संसार गेला, आई!"

आईने इस्त्री बाजूला उभी केली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"म्हणजे," तिने हळूच विचारलं, "ती जळजळ सगळ्याच बायकांना नसते?"