मेल्यावर दिलेलं हेल्मेट

देऊळगाव राजाजवळच्या दगडखाणीत वरून धोंडा कोसळून कारभारी नावाचा मजूर जागीच गेला. चौकशीला आलेल्या खेडकर इन्स्पेक्टरांना ठेकेदाराचा मुकादम श्रीपत छातीठोकपणे सांगत होता, "साहेब, आमी त्याले हेल्मेट देल्लं होतं. फोटोत बाजूलेच पडेल हाये पाहा."

खेडकरांनी पंचनाम्याचा फोटो भिंगाखाली धरला. प्रेताशेजारी हेल्मेट कलंडलं होतं. खाणीतली संरक्षक टोपी उथळ असते, कानाच्या वरच संपते आणि आतल्या पट्ट्यांची जाळी डोकं कवचाला टेकू देत नाही. हे मात्र खोल होतं, कान झाकणारं, आत थर्माकोलचं जाड अस्तर. मागच्या कडेला आयएसआयची खूण होती आणि तिच्या वर आकडा होता ४१५१. कामावरच्या टोपीला तिथं २९२५ असतो.

खेडकरांनी श्रीपतकडे पाहिलं. "हे मोटारसायकलवाल्याचं आहे. कारभारीकडे गाडी होती?"

"त्यायच्यापाशी सायकलबी नव्हती," दाराशी बसलेली कारभारीची बायको झुंबरबाई म्हणाली.

बाहेर श्रीपतची फटफटी उभी होती. "तुझं हेल्मेट कुठं आहे?" खेडकरांनी विचारलं. मग ते झुंबरबाईकडे वळले.

"बाई, त्या दिवशी कारभारीच्या डोक्यावर काय होतं?"

"रुमाल. सकाळी मीच धुऊन देल्ला होता." झुंबरबाईनं फोटो डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ शोधलं. "साहेब, तो काऊन दिसून नाही राह्यला?"