पासवर्ड बदलल्यावरही

ऑफिसात तिला ‘चाळणी’ म्हणत. तोंडावर नाही, पण तिच्या कानावर जाईल इतपत मोठ्यानं. इतरांनी लिहिलेला कोड चालू होण्याआधी तपासणं हे तिचं काम, आणि तिच्या हातून काही सहजासहजी सुटत नसे. हे नाव तिच्या आतेभावानंच ठेवलं होतं. तो टीमचा प्रमुख. त्यानंच तिला इथं चिकटवलं होतं आणि ते तो तिला विसरू देत नसे.

कंपनी दवाखान्यांसाठी ॲप चालवायची. सारखं लॉगिन करावं लागतं, अशी पेशंटची तक्रार होती. आतेभावानं दोन दिवसांत त्यावर बदल लिहिला आणि तो तिच्याकडे तपासायला आला.

लॉगिन केलं की फोनमध्ये दोन टोकन, म्हणजे ओळख पटवणाऱ्या डिजिटल चिठ्ठ्या, पडत. एक पंधरा मिनिटांचं, रोजच्या कामाचं. दुसरं लांब मुदतीचं, जे दाखवून पहिलं नव्यानं मिळे. दुसऱ्याची मुदत त्यानं सातावरून नव्वद दिवसांवर नेली होती, आणि प्रत्येक वापरासरशी ते नव्वद दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजले जाणार होते. म्हणजे फोन वापरात असेपर्यंत टोकन मरायलाच नको. खरी मेख पुढं होती. पासवर्ड बदलला की त्या खात्याची सगळी लांब मुदतीची टोकन सर्व्हरवर रद्द करणारी एक ओळ होती, ती त्यानं उडवली होती.

“पासवर्ड बदलणारा माणूस बहुतेक वेळा कोणाला तरी बाहेर काढत असतो. ही ओळ परत हवी,” असं लिहून तिनं बदल अडवला.

तो तिच्या टेबलाशी आला. तिला जिकडेतिकडे चोर दिसतात, असं चार माणसांदेखत म्हणाला. ती म्हणाली, “दादा, ती ओळ परत टाक, बाकीचं नंतर बोलू.” ऑफिसात दादा म्हणायचं नाही, एवढंच बोलून तो थेट मॅनेजरबाईंकडे गेला. बाईंनी दवाखान्यांना तारीख देऊन ठेवली होती. संध्याकाळी बदल चालू झाला; तिच्या हरकतीखाली आतेभावानं ‘पुढं बघू’ लिहून ती बंद केली. त्याच आठवड्यात आत्यानं आईला फोन करून सुनावलं, की ज्यानं नोकरी दिली त्याच्याच मुळावर तुझी लेक उठली आहे.

तीन आठवड्यांनी मदतकक्षातली बाई एक तक्रार घेऊन आली. दोनदा बंद केलेली. नवऱ्यापासून वेगळी राहणारी एक पेशंट. तिनं तीनदा पासवर्ड बदलला, तरी ॲपवर दिसणाऱ्या तपासणीच्या ऐन वेळेला नवरा दवाखान्याच्या दाराशी उभा. कठीण पासवर्ड ठेवा, असं उत्तर तिला दोनदा गेलं होतं.

तक्रार वाचून तिनं त्या पेशंटच्या नोंदी उघडल्या. खात्यावर एक फोन आणि एक जुना टॅब. टॅब दर काही तासांनी निवांत नवं टोकन घेत होता. तिन्ही पासवर्ड बदलले गेले होते ते आतेभावाचा बदल चालू झाल्यानंतर.

टॅब बाहेर काढला की नवऱ्याला कळणार, म्हणून आधी त्या पेशंटलाच विचारायचं ठरलं. फोनवर तिनं सांगितलं, की टॅब नवऱ्याकडेच राहिला होता. मग म्हणाली, “म्हणजे मला भास होत नव्हते तर. माझा सख्खा भाऊसुद्धा तसंच म्हणत होता.” तिनं आधी दुसऱ्या दवाखान्यात वेळ घेतली, मग टॅबचं टोकन रद्द करायला सांगितलं.

बैठकीत आतेभाऊ म्हणाला, नवराबायकोची भांडणं सोडवायला कंपनी काढलेली नाही. मॅनेजरबाईंनी उलट तिलाच विचारलं, की एवढं गंभीर होतं तर जोर का नाही धरला. तिनं आपली हरकत पडद्यावर लावली.

“मी लिहिलं होतं. बंद कोणी केलं तेही खाली आहे.”



दुरुस्ती तिनंच लिहिली: ती ओळ परत, आणि कितीही वापरलं तरी तीस दिवसांनी नव्यानं लॉगिन. आपलं आपण तपासायचं नाही हा नियम, त्यामुळे ते आतेभावाकडे गेलं. त्यानं अकरा खुसपटं काढली. दहा कोडमधल्या नावांवरून आणि मोकळ्या जागांवरून. अकरावं मात्र खरं होतं. तिचा कोड आधी टोकन रद्द करत होता आणि पासवर्ड त्यानंतर बदलत होता. तेवढ्या फटीत कोणी जुन्या पासवर्डनं लॉगिन केलं, तर ते नवं टोकन वाचणार. तिचे कान तापले. दोन्ही कामं एकाच व्यवहारात, म्हणजे झाली तर एकदमच होतील अशी, बांधून तिनं परत पाठवलं आणि खाली लिहिलं, ‘बरोबर होतं.’

त्यानं मंजुरी दिली. जुनी टोकन संपवायला सगळ्यांना एकदा बाहेर काढल्यामुळे दुसऱ्या दिवशी मदतकक्षाचे फोन दिवसभर वाजत राहिले, आणि प्रत्येकाला हे कोणामुळे झालं ते तो आवर्जून सांगत होता.