लाल पोटाची डेग

ही गोष्ट ऐकून माझ्या सख्ख्या बायकोचा विश्वास बसला नाही, तुमचा काय बसणार! म्हणून मी ती रहमान नानवाईच्या भट्टीपाशीच सांगतो. रोट्या निघेपर्यंत माणसं अडकलेली असतात, आणि श्रीनगरच्या थंडीत गरम भट्टी सोडून पळणारा अजून जन्माला यायचाय.

"खिज़र काका, आज मासे उडणार की नुसते पोहणार?" रहमान पीठ थापटत म्हणाला.

"आज बोलणार. गप ऐक."

मी लग्नांचा आचारी, आमच्याकडे म्हणतात तसा वाझा. शाली विकणाऱ्या कादिर जूंच्या मुलीचं लग्न होतं. लग्नसराई अशी, की माझ्या तांब्याच्या डेगा एका अंगणातून उचलल्या की थेट दुसऱ्या अंगणातल्या चुलीवर. मधे कल्हईवाल्या सुल्लाकडे जायला हव्या होत्या. तो डेग तापवतो, नवसागर टाकतो, कथील फिरवून कापसाच्या बोळ्याने पुसतो, आणि आतून अशी चांदी करतो की दाढी बघून घ्यावी. पण सुल्लाच्या दारात डेगांची रांग लागलेली.

"आणि रांगेत उभं राहणं तुमच्या शानीला शोभत नाही," रहमान म्हणाला.

"नाहीच शोभत!"

इकडे माझी पोरं रोज राख-वाळू लावून डेगा घासत होती. घासून घासून एका डेगेची कल्हई गेली. बुडाशी तळहाताएवढं लाल तांबं उघडं पडलं, बाजूनेही चट्टे. मी पाहिलं होतं. "हिच्यात फक्त पाणी तापवा रे," असं मीच सांगितलं होतं.

पण लग्नाच्या सकाळी बाकी सगळ्या डेगा भरलेल्या, आणि यखनी राहिलेली. यखनी म्हणजे दह्यात शिजवलेलं मटण. आंबट दही आणि उघडं तांबं यांची गाठ पडली की विष होतं, हे वाझाच्या घरातलं मांजरही जाणतं. मी मनात म्हटलं, शिजली की लगेच काढू. किती वेळ लागतोय!

वरात उशिरा आली. यखनी दुपार उलटेपर्यंत त्याच डेगेत, निखाऱ्यांवर.

झाकण काढलं. बडीशेपेचा वास झकास. पण कडेच्या पांढऱ्या रश्शावर हिरवट झाक. बोट बुडवून जिभेला लावलं, तर पैसा चोखल्यासारखं कडवट.

"मग?" आता रहमानचा हात थांबला.

मग काय! यखनी नाही तर मेजवानी कसली? कादिर जूंचं नाक कापलं जाणार, माझं तर मुंडकंच. वाढावी, तर पाहुणे आडवे. बाहेर हात धुवायला तस्त फिरायला लागलं होतं. चार-चार जण एकेका ताटाभोवती बसत होते.

"बोला ना काका!"

मी डेग उचलली. एकट्याने. चार माणसांची डेग! मागच्या दाराने घाटावर गेलो आणि सगळी यखनी झेलममध्ये ओतली. मासे वर आले, तोंड वाकडं करून. एक म्हातारा मासा म्हणाला, 'वाझा, आधी कल्हई कर, मग जेवायला बोलव.'

भट्टीपाशी हशा पिकला.

"आणि यजमानांना काय सांगितलंत?"

"मांजराने तोंड घातलं, म्हटलं. शिव्या खाल्ल्या. पण एकाही पाहुण्याचं पोट दुखलं नाही!"

हे वाक्य मी दर वेळी जरा मोठ्यानेच म्हणतो. का, ते ठाऊक नाही. त्या दिवसापासून मी यखनीला तोंड लावत नाही, आणि कुणाच्या घरी डेग दिसली की आधी आत हात घालून बघतो. बायको म्हणते, दुसऱ्याच्या भांड्यात हात घालायची ही कसली खोड!

"रोट्या द्या हो," मागून कुणी तरी म्हणालं. फिरनचा पायघोळ झगा घातलेली एक बाई, हातात रोट्यांचं फडकं. माहेरपणाला आलेली असावी. मी ओळखलं नाही.

"घे बेटी, आधी तू घे. पण तू का गं हसली नाहीस?" मी म्हटलं.

"माझं नाव ताजा. त्या नवरीचे मामा, ते माझे अब्बा. पहिल्या ताटावर बसले होते."

रहमानने रोटी भट्टीतून काढली नाही. करपल्याचा वास येऊ लागला.

"काका, यखनी तुम्ही स्वतःच्या हाताने वाढलीत. अब्बांनी दोनदा मागून घेतली. मग मागच्या अंगणात ओकून ओकून पडले, तोंडात तांबं आलंय म्हणत होते. त्यांचं डोकं मांडीवर घेऊन तुम्हीच बसला होतात. मी शेजारी पाण्याचा तांब्या धरून उभी होते." तिने फडकं घडी केलं. "झेलममध्ये तुम्ही काहीही ओतलं नाहीत."