सातव्या मजल्याचा नारळ

मी रंगनाथ. नाशिकच्या कोर्टासमोर अॅडव्होकेट निकिता बोरस्ते यांच्या ऑफिसात कारकून. चाळीस वर्षं जमिनीचे जुने दस्त चाळतोय. एकदा तर एका दस्तावर साक्षीदार म्हणून पोपटाने पंजा उमटवलेला पाहिला होता. मॅडमना हे पटत नाही. त्यांनी तो पोपट पाहिलेला नाही, एवढंच.

पण आज सांगतोय ती हकिगत खरी. कमी-जास्त असलंच तर फक्त मोजमापात.

एके दिवशी जर्मनीहून ईमेल आला. पाठवणारी योगिनी कुटे, मूळची सायखेड्याची, आता श्टुटगार्टला इंजिनीअर. तिला आडगावकडे बांधकाम चालू असलेल्या ‘आकाशवेल रेसिडेन्सी’त आईसाठी फ्लॅट घ्यायचा होता. स्वतः येता येणार नव्हतं, म्हणून काय काय तपासायचं ते मॅडमना लिहून पाठवलं होतं. मी प्रिंट काढायला लावली, तर कागद टेबलावरून उतरला, जिन्यातून खाली गेला आणि चहाच्या टपरीपाशी थांबला. चहावाल्यानं शेवटचं पान वाचून वर पाठवलं, सोबत निरोप, “काका, पोरगी हुशार हाय!”

सत्तावीस मुद्दे होते. काही वाचून दाखवतो.

“४. जमिनीच्या मालकीचा तीस वर्षांचा सर्च हवा. सातबारा, फेरफार आणि बिनशेती आदेश हेही पाहावेत.

९. महारेरावरची नोंदणी आणि महापालिकेचं बांधकाम सुरू करण्याचं प्रमाणपत्र नेमकं किती मजल्यांचं आहे, ते पाहावं. माझा फ्लॅट ७०१.

१३. टोकन दिलंय, पण करार नोंदवण्याआधी बिल्डर तीस टक्के मागतोय. हे चालतं का?

१९. आईच्या नावे कुलमुखत्यारपत्र करायचंय, पण ते याच एका फ्लॅटपुरतं. मी म्युनिकच्या भारतीय वकिलातीत सही करून पाठवीन.

२७. आईला काही विचारू नका. मी सुचवलं की ती हो म्हणते. तिला उंचावरून गोदावरी दिसावी, एवढीच माझी इच्छा.”

मॅडमनी तेराव्याचं उत्तर लगेच लिहिलं: करार नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांहून जास्त घेताच येत नाही, सध्या दिलेल्या टोकनवरच थांबा. एकोणिसाव्यावर त्या म्हणाल्या, “काका, कुलमुखत्यारपत्रात फ्लॅटचा नंबर येतो. सगळं तपासल्याशिवाय मसुदा पाठवायचा नाही. ते इथे पोचलं की तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरून घ्यायचं, हेही तिला कळवा.”

सर्च मी केला. जमीन स्वच्छ निघाली, इतकी की तिच्यात भाकरी वाढून खावी. पण नवव्या मुद्द्याला गाडी अडली. पालिकेच्या प्रमाणपत्रात तळमजला अधिक सहा मजले. महारेरावरही तेवढेच.

“मॅडम,” मी म्हणालो, “७०१ अजून ढगात आहे. नंबर आहे, भाव आहे, पण परवानगी नाही.”

बिल्डर महेशशेठना फोन लावला. “ताई, मजले वाढवायला जादा एफएसआय घेतोय, फाइल टेबलावर आहे. पंधरा दिवसांत दहाव्यापर्यंत मंजुरी!”

“मग पंधरा दिवसांनी विका,” मॅडम म्हणाल्या.

योगिनीला कळवलं. तिचं उत्तर तासाभरात आलं: “रद्द करा. दुसरी स्कीम बघू.”

सोपं झालं, असं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी सायखेड्याहून बायडाबाई, म्हणजे योगिनीची आई, थेट ऑफिसात हजर. कमरेला पिशवी, पिशवीत गुळाची ढेप.

“ताई, पोरगी म्हनती घर रद्द. आसं कसं रद्द? मी नारळ फोडला हाय.”

“कधी?” मॅडमनी विचारलं.

“टोकन दिलं त्या दिवशी. गोदावरीचं पाणी शिंपडलं, हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला. गावात सगळ्यांना खोबरं वाटलं. आता दुसरीकडं पुन्यांदा नारळ फोडू? एका घराला एकच नारळ. फोडला की घर झालं.”

“आजी, सातव्या मजल्याला मंजुरीच नाही.”

“मंजुरी सरकारची. नारळ माझा.”

मॅडम माझ्याकडे बघू लागल्या. कायद्याची पुस्तकं कपाटभर, पण या मुद्द्याला कलम सापडेना. पोरीनं रद्द म्हटलं तर आईचं मन मोडणार, आईचं ऐकलं तर पोरीची जन्माची कमाई ढगात लटकणार.

मी चहा मागवला. विचारलं, “बायडाबाई, नारळ फोडायला सातव्या मजल्यावर चढलात कशा? लिफ्ट तर नाही अजून.”

“सातव्यावर कुठं! तिथं नुसतं आभाळ. त्यांचा तो योगेश, विकणारा पोरगा, मला जिन्यानं चौथ्या मजल्याच्या स्लॅबवर घेऊन गेला. म्हनला, मावशी, वर अजून बांधायचंय, हाच कोपरा धरा. वर हाच येईल.”

मी चहा खाली ठेवला. “म्हणजे नारळ चौथ्या मजल्यावर फुटला?”

“व्हय. गवंड्यांनी खोबरंबी खाल्लं.”

“मग घर चौथ्या मजल्यावर झालं! नारळ खाली फोडायचा आणि घर वर मागायचं, हे कुठल्या देवाला चालेल?”

बायडाबाई बोटांवर मजले मोजू लागल्या. मॅडमनी तोवर महारेराची साइट उघडली. ४०१ चौथ्याच मजल्यावर, त्याच कोपऱ्यात, मंजूर आणि अजून न विकलेला.

महेशशेठना बोलावलं. ते आधी म्हणाले, ४०१ मेव्हण्यासाठी ठेवलाय. मी फक्त एवढंच विचारलं, “शेठ, जिथं बायडाबाईंनी हळदीकुंकू वाहून नारळ फोडला, तिथं मेव्हण्याला राहायला पाठवणार?”

शेठ देवभोळे. चेहरा उतरला. खुर्चीत चुळबुळले. “काका, मला आधी सांगायचं ना! घ्या ४०१. उंच मजल्याचा जादा भावही नाही लागणार.” त्यांनी टोकनची पावती तिथल्या तिथे ४०१ च्या नावावर बदलून दिली.

व्हिडिओ कॉलवर योगिनीला सगळं सांगितलं. ती आधी गंभीर, मग डोळे पुसेपर्यंत हसली. “आई, पण गोदावरी दिसणार नाही गं चौथ्यावरून.”

“नदी आपल्या सायखेड्यात रोज दिसती. आन खरं सांगू? मला लिफ्टची लय भीती वाटती. चौथ्यावर पायी जाईन.”

“मग आधी का नाही बोललीस?”

“तू म्हनलीस सातवा, मी म्हनलं सातवा.”

मॅडमनी स्क्रीनकडे बोट दाखवलं. “सत्ताविसावा मुद्दा बरोबर होता तुमचा.”

पुढे म्युनिकहून ४०१ पुरतं कुलमुखत्यारपत्र आलं, वेळेत मुद्रांक शुल्क भरलं, आणि दुय्यम निबंधकासमोर बायडाबाईंनी ते अजून रद्द झालेलं नाही असं घोषणापत्र देऊन पोरीच्या वतीनं करार नोंदवला. बोटाचा ठसा देताना त्यांनी मशीनवरही हळद लावली. साहेबांनी बघून न बघितल्यासारखं केलं. त्या दिवशी ऑफिसात इतका गूळ वाटला की मुंग्या आडगावपासून रांगेत आल्या. रांग मोजली नाही, पण दहा किलोमीटर तरी असावी.

योगिनीचा आभाराचा ईमेल आला. खाली तिची जुनीच यादी जोडलेली, पुढच्या कुणाला उपयोगी पडेल म्हणून. तिच्यात एक मुद्दा वाढला होता:

“२८. नारळ कोणत्या मजल्यावर फुटला, याची खातरजमा करावी.”

मॅडमनी त्या यादीची प्रत काढून भिंतीवर लावलीय. आता परदेशातून कुणी फ्लॅट विचारला की त्या मला हाक मारतात, “काका, अठ्ठाविसावा तुमच्याकडे.”