ताटापुढचे दोन मालोजी

बोलायला मी कधी कमी पडलो नाही. पोलादपुरात कुणाच्या लग्नाची बोलणी अडली की मला उचलून नेतात, आणि मी दोन्हीकडच्यांना इतकं बोलतो की शेवटी मला गप्प करण्यासाठी ती सोयरीक जुळवतात. असा मी, मालोजी हैबती उतेकर, महाडच्या शेतकी प्रदर्शनात चार वाक्यांपायी तोंडावर आपटलो. त्याची ही गोष्ट.

त्या वर्षी आमच्या डोंगरवाडीतल्या लोकांनी सगळा हिरडा माझ्या पडवीत आणून टाकला होता. एरवी तो महाडच्या व्यापाऱ्याकडे जायचा आणि तो म्हणेल ते ऐकून लोक मान खाली घालून परत यायचे. मी भर पारावर म्हणून बसलो, "माल माझ्याकडे द्या. मी तो थेट मुंबईच्या शेठला देतो." आता हा शेठ कोण, ते मलाही ठाऊक नव्हतं. पण लोकांनी विश्वास टाकला. पोती पडवीत रचली गेली आणि माझी झोप उडाली. शेठ मिळाला नसता तर वाडीत कुणी मला पुन्हा पारावर बसू दिलं नसतं, आणि माझी तर सगळी हयात पारावर गेलेली.

आमचे गोमाजी मास्तर प्रदर्शनाच्या कमिटीत होते. त्यांनी बातमी आणली की मुंबईच्या मशीदबंदरचे करसनशेठ पाहुणे म्हणून येणार आहेत. हिरड्याचे मोठे व्यापारी. कातडी कमावायला विलायतेला हिरडा पाठवतात.

"त्यांना भेटायचं कसं?" मी विचारलं.

"पानसुपारीला," मास्तर म्हणाले. "पण नीट ऐक. अख्खा तालुका तिथे लोटणार. शेठ ताटापाशी उभे असतील. प्रत्येकाने पुढे जायचं, हाताला अत्तर लागेल, अंगावर गुलाबपाणी उडेल, हातात विडा पडेल, की सरकायचं. तेवढाच वेळ तुझा. वीस आकडे मोजून होतात तेवढा."

"वीस आकड्यांत माझं नमस्कारसुद्धा होत नाही, मास्तर."

"म्हणूनच सांगतोय. नाव, गाव, माल. मग शेठच्या उपयोगाची एकच गोष्ट. आणि शेवटी त्यालाच काहीतरी विचार, म्हणजे तो बोलेल. आणि हे बघ, पाठ करू नकोस. मुद्दे ध्यानात ठेव, शब्द तिथे सुचतील तसे."

घरी येऊन मी बायकोला, राहीबाईला समोर बसवलं. ती तांदूळ निवडत होती. मी सुरू केलं. मी कुठल्या वाडीचा, कुणाचा नातू, आजोबा कशेडीखालून इकडे कसे आले, माझ्या आईचं माहेर कुठलं, थोरली बहीण कुठे दिली. आपल्याकडे माणूस ओळख सांगतो ती अशीच, कुठेतरी नातं निघेपर्यंत.

राहीबाई म्हणाली, "अवो, सूप रिकामं झालं. हिरडा अजून आला नाय."

मग मी काटछाट करायला घेतली. आजोबा गेले, आईचं माहेर गेलं. बहिणीला वगळताना जिवावर आलं. अखेर चार वाक्यं उरली. "नमस्कार शेठ, मी मालोजी हैबती उतेकर, पोलादपूरचा. आमच्या खोऱ्यातला हिरडा मी एका जागी जमवला आहे. मधल्या माणसावाचून तो आपल्या वखारीपर्यंत पोचवू शकतो. आपल्याला कसा माल लागतो, तेवढं विचारायचं होतं."

झकास जमलं होतं. इतकं झकास, की मी ते पाठ केलं. मास्तरांचं सांगणं मला आठवत होतं, पण ते इतरांसाठी असावं असं वाटलं. मी गोठ्यात म्हणू लागलो, विहिरीवर म्हणू लागलो. 'मधल्या माणसावाचून' च्या आधी जरा खाकरायचं, म्हणजे ते आत्ताच सुचल्यासारखं वाटेल, ही अक्कलही मी लढवली. त्या खाकरण्याचा मला फारच अभिमान वाटे.

प्रदर्शनाच्या दिवशी पहाटे गाडी जुंपली. गाडी हाकायला माझा मेव्हणा सोनबा होता, राहीबाईचा धाकटा भाऊ. तिच्या माहेराहून तो मुद्दाम आला होता, कारण हिरडा वाळवायचं काम सगळं त्याच्याकडे. सोनबा म्हणजे दिवसाला दोन शब्द बोलणारा माणूस, त्यातला एक बैलाशी. महाडपर्यंत मी वाटभर माझी चार वाक्यं घोकली. सावित्रीच्या काठाने घोकली, चढावर घोकली, उतारावर घोकली. सोनबा एकदाच म्हणाला, "दाजी, बैल बुजतोय."

पानसुपारीच्या मांडवात मुंगीला शिरायला वाव नव्हता. खोत, वकील, भाताचे व्यापारी, मोटारसर्व्हिसवाले, सगळे धुतलेल्या टोप्या घालून ताटाकडे सरकत होते. आम्हीही रांगेत शिरलो. सोनबाच्या हातात नमुन्याची पिशवी होती. त्याला खरं म्हणजे बैलांपाशीच थांबायचं होतं.

ताट जवळ येऊ लागलं. पुढचे लोक काय बोलतात ते ऐकू येत होतं. एका खोताने आपला अख्खा वंश सांगितला. त्याच्या पणजोबांपाशीच विडा हातात पडला आणि स्वयंसेवकाने त्याला कोपर लावून पुढे सरकवलं. दुसरा नुसतं नाव सांगून हसत राहिला. शेठ सगळ्यांना तेच म्हणत होते, "आनंद झाला, आनंद झाला." मी मनात म्हटलं, मालोजी, तुझ्यापुढे हे काहीच नाहीत. तरी धीर होईना. मग मी एक युक्ती केली. आमची पाळी आली तेव्हा सोनबाला पुढे केलं. म्हटलं, हा मुका पुढे जाईल, विडा घेईल, तेवढ्यात मला दम घ्यायला मिळेल.

शेठनी हात जोडले. "आपण?"

सोनबा घाबरला. मला त्याच्या मानेवरचा घाम दिसला. आणि मग त्याने तोंड उघडलं.

"नमस्कार शेठ, मी मालोजी हैबती उतेकर, पोलादपूरचा. आमच्या खोऱ्यातला हिरडा मी एका जागी जमवला आहे." इथे तो खाकरला. "मधल्या माणसावाचून तो आपल्या वखारीपर्यंत पोचवू शकतो. आपल्याला कसा माल लागतो, तेवढं विचारायचं होतं."

एक अक्षर चुकलं नाही. माझ्यापेक्षा बरं म्हणाला, हे कबूल करायला पाहिजे.

शेठ खूश झाले. "माल कोरडा लागतो. घट्ट. काळा पडलेला नको." सोनबाच्या हाताला अत्तर लागलं, विडा मिळाला आणि तो पुढे सरकला.

आता शेठ माझ्याकडे वळले. "आणि आपण?"

माझ्या डोक्यात त्या चार वाक्यांशिवाय काहीच उरलं नव्हतं. दुसरं काही बोलावं हे कळत होतं, पण तोंड आपल्याच वाटेने निघालं. "नमस्कार शेठ, मी मालोजी हैबती उतेकर, पोलादपूरचा. आमच्या खोऱ्यातला हिरडा..." आणि मीही ठरल्या जागी खाकरलो.

मागच्या रांगेत पहिल्यांदा एकजण फुसकन हसला, मग बाकीचे. मांडवाच्या खांबाशी उभ्या असलेल्या गोमाजी मास्तरांनी कपाळाला हात लावला.

"एक मालोजी आत्ताच गेले," शेठ म्हणाले. ते हसत नव्हते. मोठ्या व्यापाऱ्याला फसवायला कुणीतरी आलंय, अशा नजरेने ते बघत होते. माझ्या हाताला अत्तर लागलं होतं. गुलाबपाणी उडालं. विडा तेवढा राहिला होता. मला पडवीतली पोती दिसली, पार दिसला, पारावर बसलेले लोक दिसले. लाजेने कान तापले, आणि त्या तापातच सगळं पाठांतर विरघळून गेलं.

"मालोजी मीच, शेठ," मी म्हणालो. "तो माझा मेव्हणा. हिरडा वाळवतो तो, बोलतो मी. आज तेवढं उलटं झालं."

शेठच्या मिशा हलल्या. त्यांनी सोनबाला खुणेने मागे बोलावलं. "मग तुम्ही मालोजी का झालात?"

सोनबा पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत म्हणाला, "वाटभर ह्येच कानावर पडत व्हतं. तुमी इचारलंत, दुसरं काय सुचलं नाय."

आता शेठ हसले, पोट धरून हसले. विडा देणारा स्वयंसेवक हात तसाच धरून उभा राहिला. मला वाटलं धरणी पोटात घेईल तर बरं.

"आता पाठ नसलेलं काही सांगा," शेठ मला म्हणाले.

"अवकाळी पाऊस झाला," मी म्हणालो. "काही माल भिजून काळा पडलाय. तो आम्ही वेगळा काढून ठेवलाय. बाकीचा कोरडा आहे. ही पिशवी त्यातलीच." हे बोलायचं नाही असं मी घरी पक्कं ठरवलं होतं. पण त्यांनी काळ्या मालाचं नाव काढलं होतं आणि खोटं सुचायला वेळ नव्हता.

शेठनी पिशवीतला एक हिरडा काढून, आतून कोरडा वाजतो का ते ऐकायला, कानाशी खुळखुळवला. दुसरा काढला, तोही खुळखुळवला. मागची रांग तुंबून कुरकुरायला लागली. "काळा पडलाय हे आज एकानेही सांगितलं नाही," ते म्हणाले. "उद्या सकाळी मी पोलादपूरवरून महाबळेश्वरला जातो. वाटेत पडवी दाखवा. दोघेही थांबा."

दुसऱ्या दिवशी त्यांची मोटार आमच्या दारात उभी राहिली. त्यांनी पोती उघडली, माल बघितला, काळा वगळून सगळा घेतला. मी पारावर परत गेलो आणि जे झालं ते माझ्या हुशारीने झालं असं सांगितलं. सोनबा शेजारी बसून होता. तो काही बोलला नाही, हे त्याचे माझ्यावर उपकारच.

पुढच्या वर्षी पुन्हा पानसुपारी झाली. मी काहीच तयारी केली नाही, नुसती टोपी धुतली. शेठनीच मला गर्दीतून ओढून काढलं आणि एका पारशी व्यापाऱ्यापुढे उभं केलं. "हे मालोजी उतेकर. हिरडा वाळवतो यांचा मेव्हणा, बोलतात हे. काळा माल असेल तर आधी सांगतात." असं कुणी माझ्याबद्दल बोलेल असं वाटलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं, ते मी गुलाबपाण्यावर ढकललं.

मग त्यांनी मला दुसऱ्या व्यापाऱ्याकडे नेलं. "हे मालोजी उतेकर. हिरडा वाळवतो यांचा मेव्हणा, बोलतात हे." तेच शब्द, तोच सूर. 'काळा माल' च्या आधी शेठ जरासे खाकरले. मी चमकून बघितलं. मोटारीत महाडपर्यंत काय चाललं असेल ते माझ्या ध्यानात आलं. शेठचा ड्रायव्हर मांडवाच्या कडेला उभा होता, आणि त्याचे ओठ शेठच्या बरोबरीने हलत होते.

तिसऱ्या व्यापाऱ्यापुढे शेठनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, 'बोलतात हे' पर्यंत आले, आणि नेमके खाकरायच्या जागी अडले. पुढचं आठवेना. रांग मागून रेटत होती.

मी खाकरलो, आणि हळूच त्यांच्या कानाशी म्हणालो, "काळा माल, शेठ."