नंबराचा विषय नको

"बोलन्यात मला कोन गाठनार गं? चार मानसांत बसव न्हाईतर चाळीसांत. कोन काय करतो, कोन कुठं पोचला, हा इषयच मी निघू देत न्हाई," आकाराम पटक्याचा शेव खोचत बायकोला म्हणाला.

रंगूबाईनं भाकरी उलटली. "पर मानसं त्येच इचारायला जमत्यात न्हवं?"

त्यावर आकारामकडं तोडगा तयार होता. उंब्रजहून दोन सर्व्हिस मोटारी बदलून कोरेगावच्या शाळेत, सातवीच्या जुन्या वर्गाच्या मेळाव्याला पोचेपर्यंत त्यानं तो घोकलाही. जमीन किती, पोरं किती शिकली, हुद्दा काय, ही तीन दारं बंद. पाऊसपाणी, गुरुजींची तब्येत आणि शाळेतल्या खोड्या, ही तीन उघडी. आणि कुणी आपल्याला काही विचारलंच, तर उलट त्यालाच विचारायचं.

एवढी तयारी करण्याचं कारण होतं. पंचवीस वर्षांपूर्वी सातवीत आकाराम पहिला नंबर होता. त्या वेळी वर्गात नंबरानं बसत, आणि उत्तर चुकलं की गुरुजी पहिल्या नंबराला चुकणाऱ्याच्या गालात मारायला लावत. हा पोरगा मामलेदार होणार, असं गुरुजींनी गावभर सांगून ठेवलं होतं. आकाराम उंब्रजच्या कोंडवाड्यावर कारकून झाला. लोकांच्या पिकात शिरलेली गुरं आत घ्यायची, मालक आला की सोडायची. आज एक दिवस, फक्त एक दिवस, कुणी त्याला त्या मामलेदाराशेजारी उभं करून मापू नये, एवढीच त्याची इच्छा होती.

दारातच नानासो भेटला. सांगलीला गुळाची अडत असलेला नानासो, ह्या मेळाव्याचा यजमान. आकारामनं लगेच पहिलं दार उघडलं. "यंदा पाऊस बरा झाला."

"मला आता पावसाचं काय न्हाई गड्या. हिरीवर इंजान बसवल्यापास्नं चाळीस एकर ऊस..." नानासो म्हणाला, आणि मिरची चावल्यासारखा गप्प झाला. मग घाईघाईनं म्हणाला, "पर पाऊस बराच झाला, व्हय."

पाऊस संपला. आकाराम लालासाहेबाकडं वळला. हा पलटणीबरोबर इटलीला जाऊन आलेला, मिशांना पीळ दिलेला. गुरुजींना दिसत नाही हल्ली, असं आकाराम म्हणाला. डोळ्यांचे डॉक्टर पाहावेत तर तिकडचे, असं लालासाहेब म्हणाला, आणि तोही मध्येच थांबून सतरंजीचे दोरे मोजू लागला. मग आकारामनं शाळेतल्या खोड्या काढल्या. त्या दुसऱ्याच वाक्याला गालात मारण्यापाशी आल्या. लालासाहेबाचा हात आपोआप डाव्या गालाकडं गेला. तिन्ही दारं अशी अर्ध्या तासात बंद झाली.

पण एक गोष्ट आकारामच्या लक्षात आली. त्याला कुणीच काही विचारत नव्हतं. आधी त्याला बरं वाटलं. जेवणं झाली तरी कुणी विचारलं नाही, तेव्हा सुपारी कडू लागली. नानासोनं त्याच्याशी दातांवर बोलून घेतलं, लालासाहेबानं लोणच्यावर. एकवीस बाप्ये गोलात बसले होते आणि लोणचं कसं मुरवावं ह्यावर घसा खरवडून बोलत होते.

आकाराम चिडला. आता कुणीतरी विचारावंच म्हणून तो हटून बसला. लोणच्यातूनच त्यानं वाट काढली. "लोनच्याचा खार गुरं आवडीनं चाटत्यात."

"पानी आना रं जरा," लालासाहेब ओरडला.

"परवा एक म्हस..."

"ह्या खिडक्या नव्या केल्यात वाटतं," नानासो म्हणाला. सगळ्यांनी माना वळवून खिडक्या पाहिल्या. खिडक्या जुन्याच होत्या.

तेवढ्यात तात्याबा आला. पूर्वेच्या माळावरून पहाटेच चालत निघालेला, त्यामुळं उशीर झालेला. सातवीत तो शेवटचा नंबर. घोंगडं टाकून तो आकारामला खेटून बसला आणि अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "काय म्हनतोय कोंडवाडा?"

नानासोला खोकला आला. तो बराच वेळ चालला.

"तात्याबा, तुला कार्ड आलं न्हवतं का?" लालासाहेब दबक्या आवाजात म्हणाला.

"आलं की. मास्तराकडनं वाचून घेतलं. त्यात लिवलंय, आकारामला कामाचं इचारू नका, त्येला लागंल. पर मी म्हटलं, न इचारून तरी कुठं ऱ्हातंय? त्यो तिथंच नोकरीला हाय."

आकारामचे कान तापले. त्यालाही नानासोचं कार्ड आलं होतं. त्याच्या कार्डात दोन सूचना होत्या. लालासाहेबाला लढाईचं विचारू नये, तो पलटणीत लंगरावर भाकऱ्या थापत होता. तात्याबाला मेंढरांचं विचारू नये, दुष्काळात त्याचा कळप गेला. आकारामनं दोन्ही इमानानं पाळल्या होत्या, आणि पाळताना त्याला दोघांची मनापासून कीवही आली होती.

"माज्या कार्डात माजं न्हवतं," तो म्हणाला.

"तुज्यात कसं यील?" तात्याबा म्हणाला. "माज्यात तरी माजं कुठं होतं? म्हंजे आसंल, पर तुमच्यात."

लालासाहेबानं हळूच मिशी सोडली. "माजंबी लिवलंय व्हय रं नानासो?"

नानासो म्हणाला, आपण चांगल्यासाठीच केलं. कुणाला उणं वाटू नये म्हणून एकवीस कार्डं स्वतःच्या हातानं लिहिली, बोटं दुखली. तुझ्याबद्दल काय लिहिलंस, असं लालासाहेबानं विचारलं. नानासो बोटं चोळत म्हणाला, "माजं काय लिवायचं?"



आकारामनं तात्याबाकडं पाहिलं. मेंढरांचं विचारू नये असं आकारामच्या स्वतःच्या कार्डात अधोरेखित होतं.

"मेंढरं किती ऱ्हायली रं?"

"सतरा."

"किती होती?"

"सव्वादोनशे. आता सतरा हायती, तर परत्येकीला नाव ठिवलंय. सव्वादोनशेला कवा ठिवलं आसतं?" तात्याबानं सुपारी तोंडात टाकली. "तुज्याकडं काय हाय सध्या?"

"एक म्हस. तेरा दीस झालं, धनी फिरकंना. दोन रेडकं, आन् एक बैल. त्यो सारखाच येतोय. फाटक उघडं दिसलं की आपला आपनच आत."

"त्येला बरं वाटत आसंल तुज्याकडं."

"मलाबी वाटतं," आकाराम म्हणाला. दिवसभरात त्याचं हे पहिलं न घोकलेलं वाक्य होतं. मग त्याची जीभ सुटली. म्हैस त्याच्याशिवाय कुणाला कासेला हात लावू देत नव्हती, ते त्यानं सांगितलं. लालासाहेबानं सरकत येऊन विचारलं, वैरण काय घालतोस? आणि मग स्वतःहूनच सांगितलं, की बर्फात आठशे माणसांचं पीठ मळायचं तर पाणी किती गरम लागतं. नानासो तेवढा खिडक्यांकडं पाहत राहिला.

उन्हं कलली तेव्हा साताऱ्याहून आणलेला फोटोवाला घाई करू लागला. त्यानं अंगणात गुरुजींच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन खुर्च्या मांडल्या होत्या. गुरुजी म्हणाले, "नंबरानं बसा रे."

"नंबर नको," बावीस जण एकदम म्हणाले.

नंबर नको, तर खुर्चीवर कोण? तू बस, न्हाई तू बस. नानासोनं लालासाहेबाला बसवलं, लालासाहेब उठून आकारामला ओढू लागला, आकारामनं तात्याबाला ढकललं. तात्याबा म्हणाला, खुर्चीत बसलं की त्याच्या पायांना मुंग्या येतात. सावली शाळेच्या भिंतीवरून अंगणभर उतरली तरी निकाल लागेना. अखेर बावीसच्या बावीस गुरुजींच्या पायाशी जमिनीवर बसले. मागं मधोमध एकटे गुरुजी, आणि दोन्हीकडं मोकळ्या खुर्च्या. आकाराम रांगेच्या अगदी टोकाला, तात्याबाच्या खांद्यावर हात टाकून बसला. फोटोवाल्यानं आत सरका म्हणून दोनदा सांगितलं. आत जागा नव्हती.

महिन्यानं टपालातून फोटो आला. रंगूबाईनं तो उंबऱ्यात उजेडाला धरून पाहिला. चारी मोकळ्या खुर्च्या स्पष्ट आल्या होत्या. टोकाला तात्याबा होता आणि त्याच्या खांद्यावर मनगटापर्यंत एक हात होता. त्याच्या पुढं फोटो संपला होता.